वजा ७८ वरून ४० वर: ब्युटाडाइनला हायड्रोजन ब्रोमाइड जोडण्याची कृती

१,३-ब्युटाडाइनला हायड्रोजन ब्रोमाइड जोडले की दोन पदार्थ मिळतात आणि कोणता जास्त मिळेल हे तापमानावर ठरते, एवढे बी.एस्सी.ला सेंद्रिय रसायन घेतलेल्या प्रत्येकाला पाठ असते. आकडेही पाठ असतात: वजा ८० अंशांवर ८० : २०, आणि ४० अंशांवर बरोबर उलट, २० : ८०. हे आकडे शिकागो विद्यापीठातल्या खराश, मार्गोलिस आणि मेयो यांच्या १९३६ सालच्या कामातून आलेले आहेत. पण तोंडी परीक्षेत मी पुढचा प्रश्न विचारतो: ४० अंशांवर तयार झालेले मिश्रण पुन्हा वजा ८० अंशांवर नेऊन ठेवले तर काय होईल? बहुतेक मुले क्षणाचाही विचार न करता सांगतात, “सर, पुन्हा ८० : २० होईल.” तसे होत नाही. ते का होत नाही, हे कळले की कायनेटिक आणि थर्मोडायनॅमिक कंट्रोल कळले.

म्हणून खालची कृती मी दोन वेगळ्या तापमानांच्या दोन वेगळ्या प्रयोगांसारखी मांडलेली नाही. थंडीत एकच घाणा काढायचा, तोच उबेत न्यायचा आणि शेवटी पुन्हा थंडीत आणायचा. प्रत्येक टप्प्यावर एनएमआर घ्यायचा. तिसरा टप्पा पुस्तकांत सहसा नसतो, आणि माझ्या मते खरे शिक्षण तिथेच आहे.

चंबूत काय घडते

हायड्रोजन ब्रोमाइडचा प्रोटॉन ब्युटाडाइनच्या टोकाच्या कार्बनला चिकटतो. उरतो तो अलिलिक कार्बोकॅटायन. त्याचा धनभार दोन जागी वाटलेला असतो, दुसऱ्या कार्बनवर आणि चौथ्या कार्बनवर. ब्रोमाइड आयन दुसऱ्या कार्बनवर बसला तर ३-ब्रोमो-१-ब्युटीन मिळते, म्हणजे १,२ समावेशन:

CH3–CHBr–CH=CH2

चौथ्यावर बसला तर १-ब्रोमो-२-ब्युटीन, ज्याला बाजारात क्रोटिल ब्रोमाइड म्हणतात, म्हणजे १,४ समावेशन:

CH3–CH=CH–CH2Br

दुसरा पदार्थ अधिक स्थिर असतो, कारण त्याच्या दुहेरी बंधाच्या दोन्ही टोकांना कार्बन जोडलेले आहेत. पहिला लवकर तयार होतो. एक कारण म्हणजे दुसरा कार्बन द्वितीयक असल्याने धनभाराचा मोठा वाटा तिथे असतो. दुसरे कारण मला जास्त आवडते: प्रोटॉन देऊन मोकळा झालेला ब्रोमाइड आयन त्या क्षणी दुसऱ्या कार्बनच्या अगदी शेजारी असतो, चौथा कार्बन त्याला लांब पडतो. केवळ शेजाराचा एवढा परिणाम होतो का, हे १९७९ साली नॉर्डलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार सुंदर रीतीने तपासले. त्यांनी १,३-पेंटाडाइनला ड्युटेरियम क्लोराइड जोडले. तिथे तयार होणाऱ्या कार्बोकॅटायनची दोन्ही टोके सारखीच द्वितीयक असतात, फरक एका ड्युटेरियमचा. स्थिरतेचा मुद्दा असा बाद करूनही १,२ पदार्थच जास्त मिळाला. शेजाराचा परिणाम खरा होता.

आता कळीची गोष्ट. कार्बन आणि ब्रोमीनमधला हा बंध अलिलिक आहे, आणि अलिलिक बंध तुटायला फार ऊर्जा लागत नाही. उबेत ब्रोमाइड सुटते, कार्बोकॅटायन परत तयार होतो आणि ब्रोमाइडला जागा निवडायची संधी पुन्हा मिळते. प्रत्येक वेळी ते आधी १,२ जागेवरच जास्त बसते. पण १,२ पदार्थ लवकर सुटतो आणि १,४ पदार्थ उशिरा, त्यामुळे हळूहळू गर्दी १,४ कडे साचते. ४० अंशांवर १,४ पदार्थ जास्त दिसतो तो लवकर तयार होतो म्हणून दिसत नाही, तो टिकतो म्हणून दिसतो. वजा ७८ वर हे सुटणेच बंद असते. जो जिथे बसला तो तिथेच राहिला.

सामान

ब्युटाडाइन ३.० ग्रॅम, म्हणजे ०.०५५ मोल. हायड्रोजन ब्रोमाइड ४.०५ ग्रॅम, म्हणजे ०.०५० मोल. ब्युटाडाइन मुद्दाम थोडे जास्त घेतले आहे, कारण शेवटी हायड्रोजन ब्रोमाइड शिल्लक राहता कामा नये; उरलेले ब्युटाडाइन वजा ४ अंशांवर उकळून निघून जाते, उरलेले आम्ल मात्र घात करते. विद्रावक म्हणून कोरडे डायक्लोरोमिथेन २५ मिलिलिटर. शिवाय हायड्रोक्विनोनची चिमूट, सोडियम बायकार्बोनेटचे संतृप्त द्रावण, निर्जल सोडियम सल्फेट, थोडे निर्जल पोटॅशियम कार्बोनेट, ड्राय आइस आणि ॲसिटोन. उपकरणांत तीन मानांचा १०० मिलिलिटरचा चंबू, आत बुडणारा कमी तापमानाचा थर्मामीटर, चुंबकीय ढवळणी, नायट्रोजनची नळी, आणि जाड काचेच्या, स्क्रूच्या झाकणाच्या तीन छोट्या नळ्या.

ब्युटाडाइन माणसात कर्करोग घडवणारा वायू म्हणून नोंदलेला आहे. हायड्रोजन ब्रोमाइड ओलसर हवेत धूर सोडते आणि नाक-घसा जाळते. तयार होणारी दोन्ही ब्रोमाइडे डोळ्यांतून पाणी काढतात. सगळे काम चालू फ्यूम हूडमध्येच करायचे आणि भांडी हूडमध्येच धुवायची. हूड नीट ओढत नसेल तर त्या दिवशी प्रयोग नाही. ज्या महाविद्यालयात हे वायू हाताळण्याची सोय नाही तिथे पुढचा उबेचा भाग बाजारातल्या क्रोटिल ब्रोमाइडवर करता येतो. ते कसे, ते खाली येईलच. मात्र तेही हूडमध्येच हाताळायचे.

आधी पेरॉक्साइड

या प्रयोगात सगळ्यात फसवा शत्रू हाच आहे, म्हणून त्याला वेगळी जागा देतो.

खराश आणि मेयो यांनी १९३३ मध्ये दाखवले होते की पेरॉक्साइड असेल तर हायड्रोजन ब्रोमाइड आयनांच्या वाटेने न जाता रॅडिकलच्या वाटेने जोडले जाते. इतर अल्कीनांमध्ये हे लगेच ओळखू येते, कारण ब्रोमीन नेहमीच्या उलट जागी बसलेले दिसते. ब्युटाडाइनमध्ये तसे दिसत नाही. रॅडिकलच्या वाटेत ब्रोमीनचा अणू आधी टोकाच्या कार्बनवर बसतो, अलिलिक रॅडिकल होतो, मग दुसऱ्या टोकाला हायड्रोजन मिळतो. हाती येते १-ब्रोमो-२-ब्युटीन, म्हणजे आपला १,४ पदार्थच! याचा अर्थ असा की थंडीत केलेल्या प्रयोगात १,४ पदार्थ जास्त दिसला तर ते तापमान चढल्यामुळे झाले की पेरॉक्साइडमुळे, हे एनएमआर पाहून सांगता येत नाही. तापमान काटेकोर सांभाळलेला विद्यार्थी आपलीच काहीतरी चूक झाली असे समजून दोन दिवस थर्मामीटर तपासत बसतो, आणि दोष असतो ब्युटाडाइनमध्ये.

ब्युटाडाइन हवेतल्या ऑक्सिजनशी पेरॉक्साइड करते, म्हणून सिलिंडरमध्ये टर्ट-ब्युटिल कॅटेकॉलसारखा रोधक घातलेला असतो. पण हा रोधक बाष्पाबरोबर येत नाही. आपण सिलिंडरमधून वायू काढतो तेव्हा रोधक खाली द्रवातच राहतो आणि चंबूत पोचते ते संरक्षण नसलेले ब्युटाडाइन. म्हणून चंबूत डायक्लोरोमिथेनबरोबर हायड्रोक्विनोनची चिमूट आधीच टाकायची. ते सगळे विरघळणार नाही. थोडे तळाशी राहिले तरी चालते. नायट्रोजनचा प्रवाह किमान दहा मिनिटे आधी सुरू करायचा आणि चंबू ॲल्युमिनियमच्या फॉइलने झाकायचा, कारण प्रकाशही रॅडिकलची वाट उघडून देतो. शंका राहू नये म्हणून प्रयोग दोनदा करावा, एकदा हायड्रोक्विनोनसह आणि एकदा दुप्पट हायड्रोक्विनोनसह. दोन्ही वेळचे गुणोत्तर सारखे आले तर रॅडिकलचा हात नाही असे म्हणता येते.

थंडीतले समावेशन

ड्राय आइस आणि ॲसिटोनचा बाथ वजा ७८ अंशांवर आणा. चंबूतले डायक्लोरोमिथेन गार झाले की ब्युटाडाइनचा वायू द्रवाच्या पृष्ठभागावर सोडा. तो तिथेच द्रव होऊन मिसळतो. किती आले हे मोजायला चंबू तराजूवर ठेवू नका. गार चंबूवर बाहेरून बर्फाचा थर चढतो आणि तेच वजन ब्युटाडाइनचे म्हणून नोंदले जाते. सिलिंडर छोटा असतो, त्याचे वजन आधी आणि नंतर घ्या. ३ ग्रॅम कमी झाले की बंद.

हायड्रोजन ब्रोमाइडही तसेच सिलिंडरच्या वजनावरून मोजा. सिलिंडर नसेल तर टेट्रालिनमध्ये ब्रोमीन थेंबाथेंबाने सोडून ते तयार करता येते, पण निघणारा वायू पुन्हा एकदा टेट्रालिनच्या सापळ्यातून न्यावा लागतो, नाहीतर ब्रोमीनची वाफ बरोबर येते आणि ब्युटाडाइनवर आधी तीच तुटून पडते. अशा वेळी चंबूत तांबूस रंग दिसतो. तो दिसला तर तो घाणा टाकून द्या.

आता एक सावधगिरी, जी मी एकदा द्रव नळीतून उलटा वर चढताना पाहिल्यावर शिकलो. हायड्रोजन ब्रोमाइडचा उत्कलनांक वजा ६७ अंश आहे. वजा ७८ वर ते द्रव होते, नळीतला वायू आकसतो, पोकळी तयार होते आणि चंबूतला द्रव सिलिंडरच्या दिशेने ओढला जातो. म्हणून मधे एक रिकामा सापळा हवाच, आणि नळीचे तोंड द्रवात न बुडवता पृष्ठभागाच्या एखादा सेंटिमीटर वर ठेवा. बाथसाठी द्रव नायट्रोजन मात्र वापरू नका; वजा ८७ च्या खाली हायड्रोजन ब्रोमाइड गोठते आणि नळी बंद होते.

वायू सावकाश सोडा, अर्धा-पाऊण तास लागला तरी चालेल. नजर बाथच्या थर्मामीटरवर ठेवायची नाही, आतल्या थर्मामीटरवर ठेवायची. समावेशन उष्णता सोडते आणि प्रवाह जोरात असेल तर बाथ वजा ७८ दाखवत असताना आतला द्रव वजा ५५ वर गेलेला असतो. आतले तापमान वजा ७० च्या वर सरकले की प्रवाह थांबवा, उतरले की पुन्हा सुरू करा. सगळे घालून झाल्यावर चार-पाच तास याच तापमानाला ढवळत राहा. ड्राय आइस संपत आला की लगेच भर घाला. घाई करून अर्धवट अभिक्रिया उबेत आणली तर राहिलेले समावेशन चढत्या तापमानांना होते आणि गुणोत्तर कुठल्याच एका तापमानाचे राहत नाही.

आम्ल थंडीतच मारणे

एका शंकूपात्रात सोडियम बायकार्बोनेटचे ५० मिलिलिटर द्रावण बर्फात गार करून जोरात ढवळत ठेवा. चंबूतला द्रव वजा ७८ वरूनच, उबेत न आणता, नायट्रोजनच्या दाबाने बारीक नळीतून यात सोडा. फेस येईल, तो कार्बन डायऑक्साइडचा. आम्ल पाण्याला लागताच निष्प्रभ होते. मग गार सेपरेटरी फनेलमध्ये खालचा थर, म्हणजे डायक्लोरोमिथेनचा, वेगळा करा. फनेल हलवताना वरचेवर दाब सोडायला विसरू नका. सोडियम सल्फेटवर सुकवून गाळा आणि कुपीत पोटॅशियम कार्बोनेटची चिमूट टाकून ड्राय आइसवर ठेवा.

विद्रावक काढून टाकायचा मोह होतो. काढू नका. ३-ब्रोमो-१-ब्युटीन सुमारे ८७ अंशांना उकळते, क्रोटिल ब्रोमाइड सुमारे १०५ अंशांना. रोटाव्हेपोरेटरवर पहिला दुसऱ्यापेक्षा जास्त उडून जातो आणि मोजण्याआधीच प्रमाण बिघडते. सगळे हायड्रोजन ब्रोमाइड वापरले गेले तर जास्तीत जास्त ६.७५ ग्रॅम ब्रोमाइड मिळेल, पण या प्रयोगात उताऱ्यापेक्षा गुणोत्तराला महत्त्व आहे.

गुणोत्तर मोजणे

१९३६ साली एनएमआर नव्हता, आपल्याकडे आहे. ०.१ मिलिलिटर द्रावण ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्ममध्ये घालून प्रोटॉन एनएमआर लगेच घ्या. मिथिलचे संकेत पाहू नका, दोन्ही समघटकांचे १.७ ते १.८ च्या दरम्यान एकमेकांवर बसतात. ५ ते ६ मधले दुहेरी बंधाचे संकेतही नकोत, कारण डायक्लोरोमिथेनचा उंच संकेत ५.३० ला तिथेच उभा असतो. वाचायचे आहेत ते दोन. ४.६५ च्या आसपास ३-ब्रोमो-१-ब्युटीनमधला ब्रोमीनधारी कार्बनवरचा एकटा हायड्रोजन, आणि ३.९५ च्या आसपास क्रोटिल ब्रोमाइडमधल्या CH2Br चे दोन हायड्रोजन.

इथे दरवर्षी कुणीतरी चुकतोच, म्हणून एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. समजा ४.६५ चे क्षेत्रफळ १.०० धरले आणि ३.९५ चे ०.५० आले. सरळ भागले तर ६७ : ३३ वाटते. पण ३.९५ चा संकेत दोन हायड्रोजनांचा आहे, म्हणून त्याचे निम्मे, ०.२५, घ्यायचे. १.०० ला ०.२५ म्हणजे ८० : २०. आता उबेतल्या नमुन्यात १.०० ला ८.०० आले, तर निम्मे ४.००, म्हणजे २० : ८०. भागाकार विसरलेला विद्यार्थी थंडीतले १,२ चे प्रमाण कमी आणि उबेतले १,४ चे जास्त सांगतो, आणि दोन्ही चुका एकाच दिशेच्या, १,४ कडे झुकणाऱ्या, असल्याने त्या चटकन खटकत नाहीत.

तुमचे आकडे नेमके ८० : २० येतीलच असे नाही. विद्रावक बदलला की गुणोत्तर काही टक्क्यांनी सरकते. कल कोणत्या बाजूला आहे ते पाहा. आणि तोच नमुना तासाभराने पुन्हा मोजा. गुणोत्तर सरकलेले दिसले तर आम्ल धुतले गेलेले नाही.

उबेत नेणे

आता तीन नळ्या घ्या. तिन्हींत थंडीतल्या द्रावणाचे ३-३ मिलिलिटर, पोटॅशियम कार्बोनेट गाळून काढलेले. पहिली जशीच्या तशी बंद करून ड्राय आइसवर ठेवा. दुसरीत काही न घालता बंद करून ४० अंशांच्या पाण्यात ठेवा. तिसरीत हायड्रोजन ब्रोमाइडचे दोन-चार बुडबुडे सोडून, बंद करून, त्याच पाण्यात ठेवा. डायक्लोरोमिथेन ४० अंशांनाच उकळते, म्हणून नळ्या जाड काचेच्या आणि अर्ध्याहून कमी भरलेल्या हव्यात, आणि पुढे जाड काच किंवा हूडचा पडदा खाली असावा. नमुना काढण्यापूर्वी नळी दर वेळी बर्फात गार करून मगच उघडा.

एक तास, दोन तास, चार तास, मग दुसऱ्या दिवशी असे नमुने घ्या. हायड्रोजन ब्रोमाइड घातलेला नमुना आधी गार बायकार्बोनेटने धुवून मगच एनएमआरला न्या. किती तास लागतील हे मी सांगत नाही, कारण ते आम्लाच्या प्रमाणावर आणि द्रावणाच्या कोरडेपणावर अवलंबून असते. थांबायची खूण एकच: लागोपाठच्या दोन नमुन्यांत गुणोत्तर सारखे आले की थांबा.

दिसेल ते असे. पहिल्या नळीत काही बदल नाही. तिसरीत ३.९५ चा संकेत दर वेळी वाढलेला, ४.६५ चा आटलेला, आणि शेवटी २० : ८० च्या जवळ येऊन स्थिर. दुसऱ्या नळीत तोच बदल, पण फार रेंगाळत. हायड्रोजन ब्रोमाइड ब्रोमाइडला सुटायला मदत करते म्हणून तिसरी नळी पुढे जाते. त्याने समतोल बदलत नाही, तिथे पोचण्याचा वेळ कमी होतो. थंडीतला नमुना धुताना इतका आटापिटा का केला, हे तिसरी नळी पाहिली की पटते. तुमचा नमुना टेबलावर तिसऱ्या नळीसारखा वागू नये म्हणून.

पण “स्थिर झाले” म्हणजे “समतोल झाला” असे नाही. अभिक्रिया नुसती थंडावलेलीही असू शकते. समतोलाची खरी कसोटी म्हणजे दोन्ही बाजूंनी येऊन एकाच ठिकाणी पोचणे. त्यासाठी बाजारातले क्रोटिल ब्रोमाइड घ्या. ते साधारण ८५ टक्के शुद्धतेचे म्हणून विकले जाते आणि उरलेला मोठा भाग ३-ब्रोमो-१-ब्युटीनचाच असतो. ती अशुद्धी म्हणजे कारखान्याचा निष्काळजीपणा नाही. विन्स्टाइन आणि यंग यांनी १९३६ मध्येच ही दोन ब्रोमाइडे एकमेकांत बदलतात आणि साधारण याच प्रमाणावर येऊन थांबतात हे दाखवले होते. कपाटातली ती बाटली म्हणजे थर्मोडायनॅमिक कंट्रोलचे उत्तर, लेबल लावून ठेवलेले. कमी दाबाखाली, बाथ ४० अंशांच्या आत ठेवून तिचे प्रभाजी ऊर्ध्वपातन करा आणि शेवटचा, १,४ पदार्थाने जवळजवळ शुद्ध असलेला भाग घ्या. तो डायक्लोरोमिथेनमध्ये घालून, हायड्रोजन ब्रोमाइडचे दोन बुडबुडे देऊन ४० अंशांना ठेवा. आता ४.६५ चा संकेत शून्याजवळून वर येईल आणि तिसऱ्या नळीच्याच गुणोत्तरावर थांबेल. एक नळी डोंगरावरून उतरली, दुसरी दरीतून चढली, आणि दोघी एकाच पायरीवर भेटल्या.

हे ऊर्ध्वपातन वातावरणाच्या दाबाखाली करू नका. शंभर अंशांच्या आसपास समघटक झपाट्याने बदलतात. हलका १,२ पदार्थ वर उडून जातो, चंबूतला समतोल ढळतो, तो भरून काढायला १,४ पदार्थ पुन्हा १,२ होतो, तोही उडतो. स्थिर पदार्थ तापवायला ठेवला आणि ग्राहकात अस्थिर पदार्थ गोळा झाला, असे घडू शकते. कोडे वाटते खरे, पण समतोलातून एक भागीदार सतत काढून घेतला की दुसरा त्याची जागा भरत राहणारच.

पुन्हा थंडीत

४० अंशांवर स्थिर झालेल्या तिसऱ्या नळीतले १ मिलिलिटर द्रावण, हायड्रोजन ब्रोमाइड न धुता, वजा ७८ वर ठेवा. एक दिवस ठेवा, आठवडाभर ठेवा. धुवून मोजा. २० : ८० च राहील.

तोंडी परीक्षेतल्या त्या प्रश्नाचे उत्तर हे. पण इथे थांबू नका, एक छोटे गणित करा. ४० अंशांवर, म्हणजे ३१३ केल्व्हिनला, समतोल स्थिरांक ८० भागिले २०, म्हणजे ४. त्यावरून दोन समघटकांच्या मुक्त ऊर्जेतला फरक मोलमागे सुमारे ३.६ किलोज्यूल निघतो. हा फरक तापमानाबरोबर फारसा बदलत नाही असे धरून वजा ७८ अंशांचा, म्हणजे १९५ केल्व्हिनचा, समतोल स्थिरांक काढला तर तो ९ च्या आसपास येतो. म्हणजे थंडीत खरा समतोल साधता आला असता तर १,४ पदार्थ जवळपास ९० टक्के असता, ४० अंशांपेक्षाही जास्त! थंडी १,२ पदार्थाला आवडते हा समज इथे मोडतो. थंडीत ऊर्जेचा कौल १,४ कडे अधिकच झुकलेला असतो. वजा ७८ चा चंबू फक्त त्या कौलापर्यंत पोचत नाही, कारण बंध सुटण्याइतकी सक्रियण ऊर्जा तिथल्या रेणूंपाशी नसते. ८० : २० हे अंतिम उत्तर नाही, वाटेत थांबलेल्या गाडीतले दृश्य आहे.

गडबड झाली तर

थंडीतल्या नमुन्यात १,४ पदार्थ ४० टक्क्यांवर गेला तर तीन जागी शोधा: समावेशन करताना आतले तापमान चढले होते का, पेरॉक्साइड होते का, की धुण्याआधी आम्लासह नमुना उबेत राहिला. तिसरा संशय चटकन तपासता येतो, तोच द्रव वजा ७८ वरून पुन्हा दोन भागांत, एक लगेच आणि एक तासभर उबेत ठेवून मग धुवून. पहिल्या दोघांत फरक करायला हायड्रोक्विनोन दुप्पट करून पाहण्यावाचून सोपा मार्ग नाही.

अल्कोहोलातल्या सिल्व्हर नायट्रेटने समघटक ओळखण्याचा प्रयत्न काही जण करतात. दोन्ही अलिलिक ब्रोमाइडे असल्याने दोन्हींत पिवळसर साका लगेच येतो. त्या कसोटीने काही कळत नाही.

आणि ही कृती दुसऱ्या डाइनवर करायची असेल तर आधी कागदावर दोन्ही पदार्थ काढून पाहा. सायक्लोपेंटाडाइनमध्ये १,२ आणि १,४ समावेशनाने एकच रेणू तयार होतो, तिथे तापमान बदलून काहीच दिसणार नाही. १-फिनिल-१,३-ब्युटाडाइनमध्ये तर लवकर तयार होणारा १,२ पदार्थच अधिक स्थिर असतो, कारण त्याचा दुहेरी बंध बेंझिनच्या वलयाशी संयुग्मित राहतो. तिथे थंड नळी आणि उबदार नळी, दोन्हींत तोच पदार्थ वरचढ दिसेल.